कचेरीतला आंगठा
विनोदाची घडण : लेखांक सहावा

गेल्या लेखांकात प्रहसनातील पात्रांची ओळख कशी करून द्यावी याचा विचार झाला. त्या ओघात बोलीचा प्रश्न निघाला आणि तो दोन वाक्यांत उरकण्याजोगा नसल्याने या आठवड्यावर ठेवला.

गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ १९८० साली रंगभूमीवर आले आणि पुढे त्याचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. मालवणी न जाणणारा प्रेक्षकही त्याला पोट धरून हसला, याचे कारण शोधू गेल्यास ते उच्चारांत सापडत नाही. द्रौपदीवस्त्रहरणाचा गंभीर प्रसंग रंगवावयास निघालेली हौशी गावकरी मंडळी आणि ऐनवेळी उभी राहणारी विघ्ने यांच्या ओढाताणीतून तेथे हशा उसळतो. शिवाय जवळजवळ सारा गावच मालवणी बोलत असल्यामुळे शहाणा, मूर्ख, मानकरी आणि फजीत झालेला या सर्वांची भाषा एकच राहते, आणि भाषेवरून कोणाची अक्कल मोजण्याची सोयच उरत नाही. उलटपक्षी, घरातील सर्व मंडळी शुद्ध बोलणारी आणि एकटा गडी तेवढा बोलीत बोलणारा, अशी योजना केली की लेखकाने काही वाईट मनात आणले नसले तरी बोली ही मूर्खपणाची खूण होऊन बसते.

हे एका कल्पित प्रसंगावर तपासून पाहू. वऱ्हाडातील एका तालुक्याच्या कचेरीत एक वृद्ध शेतकरी अर्ज घेऊन येतो. नवशिका लेखक त्याच्या तोंडी ‘मले’, ‘काऊन’, ‘सांगून राह्यलो’ असे शब्द घालतो, कारकुनाकडून ‘सांगून कुठे राहिलात?’ असा प्रश्न करवितो आणि हशा मिळाला असे मानतो. वस्तुतः ‘सांगून राह्यलो’ हे चालू क्रियेचे वऱ्हाडीतले नियमित रूप आहे. प्रमाण मराठीत जेथे ‘सांगतो आहे’ म्हणावयाचे तेथे ते येते. म्हणजे हसू आले ते कारकुनाच्या अज्ञानाचे, परंतु त्याचा खर्च पडला शेतकऱ्याच्या खाती.

आता परिस्थिती बदलू. या वृद्धाला नातवाने नुकतीच सही शिकविली आहे. तो अर्जावर एकेक अक्षर जपून, मोठ्या अभिमानाने सही करतो. कारकून जुने दफ्तर काढतो; त्यात आंगठा आहे. सही आंगठ्याशी जुळत नाही, सबब अर्ज नामंजूर! तोड म्हणून कारकून सुचवितो, की पूर्वी आपण निरक्षर होतो असे स्वतः लिहून द्यावे व खाली सही करावी. वृद्ध क्षणभर विचार करून विचारतो, ‘साहेब, मले लिवता येत नव्हतं, हे मीच लिहून देऊ? मंग तुमी म्हनान, याले तं लिवता येते!’

हे वाक्य प्रमाण मराठीत घालून पाहावे. ‘साहेब, मला लिहिता येत नव्हते, हे मीच लिहून देऊ?’ असे म्हटल्यावर लय थोडी उतरते, गोडी कमी होते, पण हसू उरते. कारण ते कायद्याच्या गाठीत आहे आणि ती गाठ वृद्धाने कारकुनाच्या आधी ओळखली आहे. पहिल्या मसुद्यातील विनोदाला हाच उपाय केला तर तेथे काहीच शिल्लक राहत नाही. ही कसोटी सर्वस्वी निर्दोष नव्हे, कारण काही विनोद बोलीच्या म्हणीवर किंवा ठेक्यावरच उभा असतो आणि भाषांतरात तो विरतो. अशा वेळी त्या म्हणीमुळे बोलणारा वरचढ ठरतो की हास्यास्पद, एवढे पाहावे.

एक सूक्ष्म अन्याय लेखणीच्या नकळत घडतो, तो शुद्धलेखनाचा. पुण्यामुंबईचा कारकूनही बोलताना ‘केले’ न म्हणता ‘केलं’ म्हणतो, ‘म्हणजे’चे ‘म्हंजे’ करतो, शब्द गिळतो. त्याचे बोलणे छापील व्याकरणात आणि शेतकऱ्याचे मात्र कानाला ऐकू येईल तसे लिहिले, तर दोघांना दोन तराजू लावले असे होते. एकतर दोघांचेही बोलणे उच्चाराप्रमाणे लिहावे, किंवा बोलीची ‘मले’, ‘तुले’ यांसारखी नियमित रूपे तेवढी ठेवून बाकीचे अक्षर दोघांचेही सारखे ठेवावे.

अखेरीस, मसुदा छापखान्यात धाडण्यापूर्वी ती बोली घरात बोलणाऱ्या एखाद्या ज्येष्ठ माणसास मोठ्याने वाचून दाखवावा. तो आंगठ्याच्या जागी हसला तर प्रसंग साधला. ‘मले’ शब्दाशी तो गप्प झाला, तर ते पान फाडावे.