घाटातली धाव आणि अपघात विम्याचं कलम

धावण्याच्या स्पर्धेचा आयोजक विमा ब्रोकरला जे पत्र पाठवतो, ते बहुधा पाच-सहा ओळींचं असतं. अमुक रविवारी अर्ध मॅरेथॉन आहे, अंदाजे चार हजार धावपटू येतील, प्रत्येकी दोन लाखांचा अपघात विमा हवा, रुग्णवाहिकेचा खर्चही धरावा, प्रीमियम कळवा. ब्रोकर दर कळवतो, पैसे भरले जातात आणि नोंदणीच्या पानावर ‘सर्व सहभागींना विमा संरक्षण’ अशी ओळ झळकते. धावपटू समजतो की रस्त्यात काहीही झालं तरी आपली सोय आहे. त्याचा हा समज बरोबर की चूक, हे त्या पाच-सहा ओळींत काय मागितलं आणि काय मागायचं राहिलं यावर ठरतं.

गट अपघात विम्यात ‘अपघात’ म्हणजे अचानक, अनपेक्षित आणि अनिच्छेने घडलेली, बाह्य, दृश्य आणि हिंसक कारणाने झालेली घटना. खड्ड्यात पाय मुरगळून हाड मोडलं, मागून दुचाकीने धडक दिली, उतारावर घसरून डोकं आपटलं, हे सगळं यात बसतं. धावताना हृदय थांबलं तर ते बसत नाही. आणि धावण्याच्या शर्यतींत मृत्यू होतो तो मुख्यतः हृदय थांबल्याने.

हा भेद न्यायालयातही कसाला लागला आहे. 26 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मौसुमी भट्टाचारजी यांच्या प्रकरणात निकाल दिला. त्यांचे पती मोझांबिकमध्ये मलेरियाने वारले होते. डास चावणं हा अपघात, असा कुटुंबाचा दावा होता आणि तो फेटाळला गेला. त्यानंतर महिन्याभरातच, 24 एप्रिलला, अलका शुक्ला विरुद्ध भारतीय आयुर्विमा महामंडळ या खटल्याचा निकाल आला. मोटारसायकल चालवताना छातीत दुखून पडलेल्या आणि हृदयविकाराने मृत्यू पावलेल्या माणसाचा अपघाती लाभ मान्य झाला नाही. पडल्यामुळे झालेल्या इजेने मृत्यू झाला, हे सिद्ध होऊ शकलं नव्हतं. धावपटूची स्थिती याहून वेगळी नाही. आधी हृदय थांबलं आणि मग तो कोसळला, असं शवविच्छेदनात दिसलं की साध्या अपघात पॉलिसीत वारसाच्या हाती काही येणं कठीण. उष्माघाताचं तर आणखी अवघड, कारण तो आजार की अपघात यावरच वाद होतो.

म्हणून पत्रात हे नाव घेऊन मागावं लागतं: स्पर्धेदरम्यान हृदय बंद पडून झालेला मृत्यू आणि उष्माघात यांचा वाढीव करारात समावेश करा. कंपनी जादा प्रीमियम मागेल, वयाची अट घालेल किंवा सरळ नाही म्हणेल. नकार आला तर तो लेखी घ्यावा आणि नोंदणीच्या पानावर तितक्याच ठळकपणे छापावा. धावपटूला पैसे भरण्याआधी हे कळायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गफलत उपचारांच्या खर्चात होते. चार हजारांतला एखादा धावपटू मरण पावण्याची शक्यता फार थोडी, पण घोटा मोडणारा दर वर्षी एखादा तरी निघू शकतो. त्याला शस्त्रक्रिया लागते आणि तीन महिन्यांत तो बरा होतो. मूळ पॉलिसी मात्र मृत्यू आणि कायमचं अपंगत्व यांसाठी असते. वैद्यकीय खर्चाची पुरवणी जोडलेली असली, तरी अनेक करारांत ती मान्य झालेल्या मूळ दाव्याच्या काही टक्क्यांइतकी बांधलेली असते. इथे मूळ दावाच उभा राहत नाही, कारण अपंगत्व कायमचं नाही. मग टक्के कशाचे काढणार? हे टाळायचं तर ‘अपघातामुळे रुग्णालयात दाखल झाल्यास स्वतंत्र मर्यादेपर्यंत खर्च’ असं वेगळं कलम मागावं लागतं. दोन लाखांच्या विमा रकमेपेक्षा पन्नास हजारांचं हे कलम जास्त धावपटूंच्या कामी येईल.

तारखेचाही प्रश्न आहे. विमा कायद्याच्या कलम 64 व्हीबीनुसार प्रीमियम आगाऊ मिळाल्याशिवाय कंपनी जोखीम स्वीकारू शकत नाही. शनिवारी रात्री ईमेलवर आलेल्या ‘चालेल’ या होकाराला रविवारी पहाटे काही किंमत नसते.

आता रुग्णवाहिका. पॉलिसीतलं रुग्णवाहिकेचं कलम म्हणजे नंतर बिल दाखवून मिळणारी, अनेकदा हजार-दोन हजारांची भरपाई. घाटात गाडी उभी करणं हे त्या कलमाचं काम नाही. ते आयोजकाला स्वतः करावं लागतं. विमा कंपनीतला जाणता अधिकारी त्याचाच आराखडा मागतो आणि त्यावरून दर व अटी ठरवतो.

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जाते आणि त्याच रस्त्याने परत येते. तसाच एक कल्पित मार्ग डोळ्यांसमोर धरू: 21 किलोमीटर, एका बाजूला डोंगर, दुसरीकडे दरी, चढणारे आणि उतरणारे धावपटू एकाच डांबरी पट्ट्यावर. आयोजकाने दोन रुग्णवाहिका ठेवल्या आहेत आणि दोन्ही सुरुवातीच्या कमानीपाशी आहेत. सातव्या किलोमीटरला माणूस कोसळला तर गाडीला गर्दीतून वर चढायचं आहे, वळायचं आहे आणि पुन्हा गर्दीतून खाली यायचं आहे. यात वीस-पंचवीस मिनिटं सहज जातील. छातीवर दाब दिला गेला नाही, तर हृदय थांबल्यावर प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटते.

अमेरिकेतल्या लांब शर्यतींचे दोन मोठे अभ्यास इथे बोलके आहेत. 2000 ते 2010 या काळात सुमारे 1.09 कोटी धावपटूंमध्ये 59 जणांचं हृदय थांबलं आणि त्यातले 42 दगावले. 2010 ते 2023 या काळात शर्यत पूर्ण करणाऱ्या सुमारे 2.93 कोटींमागे 176 जणांचं हृदय थांबलं आणि 59 दगावले. हृदय थांबण्याचं प्रमाण जवळपास तेच राहिलं, पण मृत्यूंचं प्रमाण 71 टक्क्यांवरून 34 वर आलं. संशोधकांनी याचं श्रेय मुख्यतः जागच्या जागी सीपीआर आणि झटका देणारं यंत्र, म्हणजे एईडी, वेळेत मिळण्याला दिलं आहे.

कोसळलेल्या माणसापर्यंत तीन मिनिटांत एईडी पोहोचवायचं ठरवलं, तर आपल्या घाटात याचा हिशेब असा. गर्दीतून सायकलस्वार मिनिटाला अडीचशे मीटर जाऊ शकतो असं धरलं, तर तीन मिनिटांत साडेसातशे मीटर. म्हणजे दर दीड किलोमीटरला एक एईडी आणि ते नेणारा स्वयंसेवक हवा. चढावर वेग निम्मा होतो, तिथे अंतरही निम्मं. शेवटच्या टप्प्यात यंत्रं आणखी दाट, कारण तिथे धावपटू उरलीसुरली ताकद लावतो. रुग्णवाहिका तीन: एक घाटमाथ्यावर, एक मध्यावर वळायला जागा आहे तिथे, एक पायथ्याशी. त्यातली निदान एक प्रगत जीवरक्षक प्रकारची, डॉक्टरसह. रस्त्याची एक बाजू दोरी लावून गाडीसाठी मोकळी ठेवायची. एक गाडी रुग्ण घेऊन गेली की तिची जागा कोण घेणार, हे आधीच ठरलेलं असावं. 108 ची गाडी या हिशेबात धरू नये. ती पंचक्रोशीतल्या बाळंतिणीसाठी आणि महामार्गावरच्या अपघातासाठी आहे. तिला त्याच क्षणी दुसरीकडे जावं लागलं, तर ते योग्यच आहे.

उष्माघाताचा नियम मात्र उलटा. शरीराचं आतलं तापमान 40 अंशांच्या वर गेलं आणि माणूस बरळू लागला, तर त्याला गाडीत घालण्याची घाई करायची नाही. आधी बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवून अर्ध्या तासाच्या आत 39 अंशांच्या खाली आणायचं, मग रुग्णालयात न्यायचं. टब आणि बर्फ शेवटच्या तंबूत नसतील, तर चांगली रुग्णवाहिकाही उशीरच करते.

विम्याचा आणि सुटकेचा, दोन्ही आराखडे ज्या एका कागदावर टेकलेले असतात, तो म्हणजे छातीवरचा बिब. कंपनीला दिलेल्या यादीत नाव, वय, नॉमिनी आणि बिब क्रमांक असतो. ऐनवेळी स्वतःचा बिब मित्राला देणं हा आपल्याकडे सर्रास चालणारा प्रकार. असा बदली धावपटू पडला तर यादीत त्याचं नाव नसतं. शिवाय बिबच्या मागचा रक्तगट, मधुमेहाची नोंद आणि घरच्यांचा फोन भलत्याचाच असतो. डॉक्टर दुसऱ्याच घरी फोन लावतात. बिब वाटताना ओळखपत्र पाहावं, नावबदलाची मुदत प्रीमियम भरण्याच्या तारखेआधी ठेवावी आणि सुधारित यादी कंपनीकडून पोचसह परत घ्यावी.