फोटो पॅनेलचा हवा, आणि लेबलचाही

पुण्याहून जर्मनीत शिकायला गेलेला मुलगा भाड्याच्या घरातल्या वॉशिंग मशीनचा फोटो घरी पाठवतो. गोल नॉब, भोवती जर्मन शब्द आणि खाली प्रश्न : ‘आई, कुठे फिरवू?’ नुसत्या पॅनेलच्या फोटोवरून आईला उत्तर देता येत नाही, कारण अर्धं उत्तर शर्टाच्या आतल्या शिवणीवर असतं.

तिथल्या लेबलवर पाण्याच्या टबाचं चित्र असतं. टबातला आकडा म्हणजे तापमानाची कमाल मर्यादा; त्याहून थंड पाणी चालतं, गरम नाही. बरेच जण आकडा बघून थांबतात, पण टबाखालची रेघही तितकीच कामाची. रेघ नसेल तर कपडा नेहमीचं घुसळणं सोसतो : नॉबवर Baumwolle, म्हणजे सुती. एक रेघ असेल तर Pflegeleicht, सिंथेटिक आणि मिश्र कापडांसाठी. दोन रेघा असतील तर Feinwäsche, म्हणजे नाजूक कपडे. टबात हात असेल तर हाताने धुवा किंवा मशीनमध्ये तसा खास प्रोग्राम असेल तरच टाका. टबावर फुली असेल तर तो कपडा पाण्यात घालूच नये.

समजा, मुलाकडे पॉलिस्टर मिश्रणाची पँट आहे. लेबलवर ४० आणि एक रेघ. त्याने Pflegeleicht आणि ४० निवडावं. सुतीवर टाकली तरी पँट स्वच्छ होईल, पण जोरदार पिळण्याने पडलेल्या सुरकुत्या इस्त्रीलाही दाद देणार नाहीत. याच कारणासाठी या प्रोग्रामला ड्रम गच्च भरायचा नसतो. साधारण निम्माच भरावा. नेमकं वजन मशीनच्या पुस्तिकेत असतं. U/min समोरचा आकडा मिनिटाला पिळण्याचे फेरे सांगतो. इथे ८०० पुरेत.

Eco 40-60 पाहून अनेकांची फसगत होते. पडद्यावर तीन तासांहून अधिक वेळ दिसला की मशीन बिघडलंय असं वाटतं. बिघाड काही नसतो. नेहमीसारखे मळलेले, ४० किंवा ६० अंशांचं लेबल असलेले सुती कपडे एकत्र धुण्याचा हा प्रोग्राम आहे. तो पाणी कमी तापवतो आणि ती कसर वेळ देऊन भरून काढतो. घाई असेल आणि कपडे फारसे मळलेले नसतील, तर छोटा प्रोग्राम बरा.

खरी घाबरगुंडी Spülstopp मुळे उडते. धुणं संपल्यासारखं दिसतं, पण ड्रममध्ये पाणी तसंच आणि दार उघडत नाही. सुरकुत्या टाळण्यासाठी मशीन कपडे शेवटच्या पाण्यात मुद्दाम ठेवतं. दार ओढू नये. पिळायचं असेल तर Schleudern, नुसतं पाणी काढायचं असेल तर Abpumpen लावावं. पाणी गेलं की दार सुटतं.

पावडरच्या खणात II मुख्य धुण्याचा, I पूर्वधुलाईचा आणि फुलाचा कप्पा सॉफ्टनरचा. म्हणून घरी विचारताना पॅनेल, खण आणि कपड्याचं लेबल, तिन्हींचे फोटो पाठवावेत.