दोन तानपुरे एकाच वेळी

संध्याकाळच्या रागांची एक यादी फोनवर लावली आहे. गवयाचा द्रुत संपतो, शेवटची तिहाई समेवर येते आणि ती समेवर पोहोचण्याआधीच खालून दुसराच तानपुरा उमटतो. पहिल्याचा षड्ज काळी एकचा, तर पुढच्या गायिकेचा काळी पाचचा. काही सेकंद दोन्ही तानपुरे एकमेकांवर घासत राहतात. हे क्रॉसफेडचं काम.

क्रॉसफेड चालू असला की चालू गाण्याचा आवाज शेवटच्या काही सेकंदांत हळूहळू उतरवला जातो आणि त्याच वेळी पुढच्याचा चढवला जातो. स्पॉटिफायमध्ये ही मुदत 12 सेकंदांपर्यंत ठेवता येते. नाचाच्या कार्यक्रमात किंवा लग्नाच्या हॉलमध्ये ते शोभतं, कारण तिथे शांतता नकोच असते. पण अशा कार्यक्रमातल्या गाण्यांच्या शेवटी सहसा ठेकाच चालू असतो. ख्यालात मात्र शेवटी सम असते आणि सुरुवातीला षड्ज लावला जातो. 12 सेकंदांत नेमकं हेच दोन्ही बुडतं. राग ऐकायचा असेल तर क्रॉसफेड शून्यावर हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

गॅपलेसचं काम याच्या उलट आहे. त्यात काही मिसळत नाही, फक्त मुळात नसलेली फट पडू दिली जात नाही. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात विलंबित आणि द्रुत असे दोन ट्रॅक केलेले असतात, पण तबला आणि तानपुरा मध्ये थांबलेले नसतात. तरीही सांध्यावर आवाज तुटतो, कारण एमपी3 फाइल आवाज ठरावीक तुकड्यांत साठवते. प्रत्येक तुकड्यात 1152 नमुने असतात आणि सेकंदाला 44,100 नमुने धरले तर एक तुकडा साधारण 26 मिलिसेकंदांचा होतो. शेवटचा तुकडा अपुरा राहिला तर तो शांततेने भरला जातो. शिवाय फाइल बनवताना आणि वाजवताना सुरुवातीलाही थोडी शांतता येते. दोन्ही मिळून भरणारा हा काळ तसा किरकोळ, पण सलग तानपुऱ्यात तेवढाही खड्डा कानाला लागतो. लेमसारखे एन्कोडर किती नमुने फालतू आहेत याची नोंद फाइलमध्ये ठेवतात. प्लेअरने ती वाचून तेवढा भाग कापला आणि पुढची फाइल आधीच तयार ठेवली, की सांधा नाहीसा होतो. नोंदच नसेल तर सेटिंग चालू असूनही खड्डा राहील. अशा वेळी दोष फाइलचा असतो. फ्लॅकमध्ये नमुन्यांची नेमकी संख्या नोंदलेली असल्याने ही अडचण सहसा येत नाही. गॅपलेस बंद करून फायदा होईल असा प्रसंग मला आढळलेला नाही.

तिसरी सोय, आवाज समान ठेवण्याची, सर्वांत जास्त गैरसमजाची आहे. ती गाण्यातले चढउतार दाबते असं अनेकांना वाटतं. पण सर्वसाधारण सेटिंगमध्ये तसं होत नाही. प्रत्येक गाण्याचा सरासरी मोठेपणा एलयूएफएस या मापात मोजला जातो आणि एकच आकडा ठरवून पूर्ण गाणं तेवढंच वर किंवा खाली सरकवलं जातं. स्पॉटिफायचं नेहमीचं लक्ष्य उणे 14 आहे. उणे 8 वर बनवलेलं झगमगीत चित्रपटगीत 6 डेसिबलने उतरतं आणि लोकांना वाटतं, ध्वनीचा दर्जा घसरला. खरं तर नुसता आवाज कमी झालेला असतो. बटण थोडं वर केलं की तेच गाणं परत मिळतं.

खरी गोची ख्यालात होते. समजा, विलंबिताचा ट्रॅक उणे 22 वर आहे आणि द्रुताचा उणे 18 वर. दोन्ही स्वतंत्रपणे उणे 14 वर नेले तर विलंबित 8 ने चढतो आणि द्रुत फक्त 4 ने. गायकाने तासाभरात हळूहळू उभी केलेली चढण सपाट होते. त्यातच एखाद्या उंच तानेला किंवा तबल्याच्या थापेला वर जायला जागा उरली नसेल, तर प्लेअर कमी चढवतो किंवा लिमिटर लावून शिखर दाबतो. स्पॉटिफायच्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या पर्यायात असा लिमिटर असतो, म्हणून शास्त्रीय संगीतासाठी तो निवडू नये.

अल्बमभर एकच आकडा लावणारी पद्धत असेल तर हा त्रास होत नाही. रिप्लेगेनमध्ये ती अल्बम गेन या नावाने मिळते. ती उपलब्ध असेल तर तीच ठेवा, नसेल तर पूर्ण मैफल ऐकताना ही सोय बंद करा. वेगवेगळ्या काळातल्या गाण्यांची मिसळ ऐकताना मात्र ती चालू ठेवा, नाहीतर 1950च्या दशकातल्या भावगीतानंतर आजचं गाणं कानावर आदळतं.

आपल्या फोनची परीक्षा घ्यायची असेल तर मैफलीच्या एखाद्या अल्बममधल्या विलंबिताचे शेवटचे काही सेकंद लावा आणि द्रुत सुरू होऊ द्या. तानपुरा तुटला तर गॅपलेस तपासा, ठेक्यावर दुसरा ठेका चढला तर क्रॉसफेड बंद करा, आणि द्रुत अपेक्षेइतका चढला नाही तर आवाज समान करणारी सोय बंद करून तोच सांधा पुन्हा ऐका.