साडेनऊवरून चौदा

‘प्रशिक्षणामुळे आशांच्या ज्ञानात ४७ टक्के वाढ झाली.’ प्रशिक्षणाच्या मूल्यमापन अहवालात अशा घाटाचं वाक्य अनेकदा पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत असतं. वाचणाऱ्याला बरं वाटतं आणि तो पुढची पानं उलटत नाही. आज आपण असं एक वाक्य उसवून पाहू.

समजा, तालुक्याच्या ठिकाणी नवजात बाळाच्या काळजीचं पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं. ४० आशा आल्या. पहिल्या दिवशी सकाळी २० गुणांची पूर्वचाचणी झाली आणि शेवटच्या दुपारी तोच पेपर उत्तरचाचणी म्हणून दिला. आधीची सरासरी ९.५ होती, नंतरची १४ आली. हे आकडे मी समजावण्यासाठी रचले आहेत, पण त्यांतून जे घोटाळे दिसतील ते खऱ्या अहवालांत नेहमी सापडतात.

पहिली गोष्ट टक्क्यांची. साडेचार गुणांची वाढ साडेनऊच्या तुलनेत मोजली की ४७ टक्के होते. तीच वाढ पूर्ण २० गुणांच्या तुलनेत सांगितली तर गुण ४७.५ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेले, म्हणजे साडेबावीस टक्क्यांचा फरक पडला. दोन्ही हिशेब बरोबरच आहेत. पण पहिल्यात एक खोड आहे: पूर्वचाचणी जितकी अवघड काढाल, तितकी वाढ फुगते. म्हणून अहवालात टक्क्यांआधी साधे गुण द्यावेत, किती पैकी किती हे सांगून.

मग हजेरीपट उघडायचा. पूर्वचाचणी ४० जणींनी दिली, उत्तरचाचणी मात्र ३४ जणींनीच. शेवटच्या दुपारी सहा जणी नव्हत्या; कुणाच्या गावात बाळंतपण, कुणाची शेवटची एसटी. या सहा जणींचे आधीचे गुण पाहिले तर त्यांची सरासरी सातच्याही खाली होती. म्हणजे कमी गुणांच्या बायका गेल्या आणि उरलेल्यांची सरासरी काहीही न शिकवता वर सरकली. ज्या ३४ जणींनी दोन्ही पेपर दिले, फक्त त्यांचेच गुण घेतले तर आधीची सरासरी ९.५ नव्हे, १० निघते. वाढ साडेचारची चारवर आली. मूल्यमापनात हाच आकडा धरायचा असतो: त्याच व्यक्तीचा आधीचा गुण, नंतरचा गुण आणि त्यांतला फरक. त्यासाठी दोन्ही पेपरांवर एकच क्रमांक हवा. नाव नको म्हणून क्रमांकही न टाकलेले गठ्ठे मी पाहिले आहेत. त्यांतून मग कुणाची जोडी कुणाशी, ते कधीच कळत नाही.

चारची वाढ पक्की किती? ३४ जणींचे फरक सारखे नाहीत. कुणी आठाने वाढली, कुणी एकाने घसरली. या विखुरण्याचं माप, म्हणजे प्रमाण विचलन, तीन गुण आहे असं धरा. त्याला ३४ च्या वर्गमुळाने भागलं की अर्ध्या गुणाच्या आसपास येतं आणि त्याच्या दुप्पट दोन्ही बाजूंना ठेवलं की वाढ साधारण तीन ते पाच गुणांच्या दरम्यान आहे असं म्हणता येतं. हा पट्टा शून्यापासून लांब आहे, म्हणजे वाढ निव्वळ योगायोगाची दिसत नाही. पण ती प्रशिक्षणामुळेच झाली, हे या हिशेबातून मुळीच सिद्ध होत नाही. अहवाल लिहिणारे नेमके इथेच घसरतात.

त्याच अहवालात पुढे एक मनाला भावणारं वाक्य असतं: ‘सर्वांत कमी गुण असलेल्यांना सर्वाधिक लाभ झाला.’ आपल्या उदाहरणात तळाच्या दहा जणी ५ वरून १२ वर गेल्या आणि वरच्या दहा जणी १५ वरून १६ वर. सात गुणांची वाढ आणि एका गुणाची वाढ. पण त्या सकाळी तळाला कोण होतं, याचा विचार करा. काहींना खरोखर कमी येत होतं. काही पहाटे घर सोडून आल्या होत्या, दमल्या होत्या, अंदाजाने मारलेल्या खुणा चुकल्या होत्या. त्यांनी तोच पेपर दोन दिवसांनी नुसता पुन्हा दिला असता तरी त्यांची सरासरी थोडी वर आली असती. वरच्या दहांत काहींचे अंदाज बरोबर लागले होते. त्यांचं उलट झालं असतं. टोकाची मोजमापं दुसऱ्या खेपेस मध्याकडे सरकतात, हे फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीवरून दाखवलं होतं. शिवाय १५ गुणवालीला वर जायला जागाच पाच गुणांची असते. त्यामुळे सात आणि एक यांतला किती फरक शिकण्याचा आणि किती या सरकण्याचा, हे एवढ्या माहितीवरून वेगळं काढता येत नाही.

तोच पेपर दोनदा देण्यातही अडचण आहे. पूर्वचाचणीनंतर जेवणाच्या सुट्टीत बायका उत्तरांची चर्चा करतात आणि ते साहजिकच आहे. म्हणून सरासरीपाशी न थांबता प्रश्नवार पाहावं. ‘नवजात बाळाचे श्वास मिनिटाला किती असले तर धोका?’ या प्रश्नाचं ६० हे उत्तर जवळजवळ सगळ्यांना आलं, पण ‘तीन दिवसांचं बाळ, श्वास ६४, अंगावर पिणं कमी झालंय, तुम्ही काय कराल?’ याचं बरोबर उत्तर निम्म्यांनाही आलं नाही, तर आकडा पाठ झाला, निर्णय घेता येऊ लागला असं म्हणवत नाही. यावर उपाय आहे. सारख्या अवघडपणाचे दोन पेपर काढायचे, अर्ध्यांना आधी पहिला, अर्ध्यांना दुसरा, आणि शेवटी अदलाबदल.

आणि प्रशिक्षण झालंच नसतं तर? त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रात याच विषयावर बैठक झाली असेल, तर गुण त्यानेही वाढले असतील. त्यासाठी तुलनेचा गट लागतो. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हा प्रयोग केला तेव्हा ३९ गावांत सेवा दिली आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली; म्हणून १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलेल्या मृत्युदराच्या घटीला वजन आलं. तालुक्याच्या प्रशिक्षणाला एवढा व्याप झेपणार नाही, पण पुढच्या महिन्यात येणारी तुकडी तर असतेच. तिच्याकडून प्रशिक्षणाआधी पाच दिवसांच्या अंतराने दोनदा पेपर सोडवून घ्या. न शिकताच तिची सरासरी दीड गुणाने वाढली, तर आपल्या चारातले दीड गुण बाजूला काढून बोलावं लागेल.

तरीही हे सगळं कागदावरचं. अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून मांडलेल्या चार पायऱ्यांत आवडलं, शिकलं, वागण्यात आलं आणि परिणाम दिसला असा क्रम आहे. पेपर दुसऱ्या पायरीपर्यंतच पोचतो. बाळ शांत असताना, पोटावरचं कापड बाजूला करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजणं आणि साठ किंवा त्याहून जास्त आले तर पुन्हा मोजणं, हे वहीत दिसत नाही. आशा बाळंतिणीच्या घरी गेली असताना शेजारी बसून, हातात तपासणीची यादी घेऊन ते पाहावं लागतं, तेही दोन-तीन महिन्यांनी.

मग पहिल्या पानावर काय लिहायचं? मी असं लिहीन: ‘दोन्ही चाचण्या देणाऱ्या ३४ आशांचे गुण २० पैकी सरासरी १० वरून १४ झाले, वाढ सुमारे ३ ते ५ गुणांच्या दरम्यान आहे. आधी कमी गुण असलेल्या ६ जणींनी दुसरी चाचणी दिली नाही. पेपर तोच होता आणि तुलनेचा गट नव्हता, त्यामुळे या वाढीतला प्रशिक्षणाचा वाटा सांगता येत नाही. माहितीच्या प्रश्नांत सुधारणा जास्त आहे, निर्णयाच्या प्रश्नांत कमी. प्रत्यक्ष भेटीतलं काम अजून पाहिलेलं नाही.’ आणि त्याखाली त्या सहा जणींच्या गावांची यादी, त्यांच्यासाठी पुन्हा एक दिवस ठेवायचा म्हणून.