सोनेतारण कर्जाचं नवं-जुनं: व्याज लपतं कुठे?

सोनेतारण कर्जाचा लिलाव म्हटला की सोन्याचा भाव कोसळला असेल, असंच आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दागिने गहाण ठेवले त्या दिवसापेक्षा भाव वर असतानाही ते लिलावात जाऊ शकतात. कारण बहुतेक वेळा भावात नसतं, दरवर्षी केलेल्या नवं-जुन्यात असतं.

एकरकमी फेड म्हणजे काय

या प्रकारात महिन्याचा हप्ता नसतो. मुद्दल आणि साठलेलं व्याज मुदत संपताना एकदम भरायचं. शेती, छोटं दुकान किंवा हंगामी धंदा असलेल्यांना हे सोयीचं वाटतं, कारण त्यांच्या हातात पैसा दर महिन्याला येत नाही. अडचण मुदतीच्या दिवशी उभी राहते. मुद्दल भरायला पैसे नसतात, बरेचदा व्याजालाही नसतात. मग शाखेतून पर्याय सुचवला जातो: नवं-जुनं करून घ्या. जुनं खातं बंद होतं, त्याच दागिन्यांवर नवं कर्ज उघडतं आणि त्यातून जुनं मुद्दल व व्याज वळतं होतं. दागिने तिजोरीतून हलतही नाहीत. सही करून माणूस घरी येतो आणि व्याज भरलं असं समजतो. खरं तर ते व्याज आता मुद्दल झालेलं असतं.

तीन वर्षांचा हिशेब

समजा, एका कुटुंबाने 22 कॅरेटचे 40 ग्रॅम दागिने ठेवले. हिशेब सोपा जावा म्हणून गोल आकडे घेऊ. भाव ग्रॅमला 7,000 रुपये, म्हणजे दागिन्यांची किंमत 2,80,000. त्यावर 75 टक्के, म्हणजे 2,10,000 कर्ज मिळालं. व्याज वर्षाला 12 टक्के.

वर्षअखेर व्याज झालं 25,200 आणि एकूण येणं 2,35,200. दरम्यान भाव 8,000 झाला, दागिने 3,20,000 चे झाले. त्याच्या 75 टक्क्यांनी 2,40,000 चं नवं कर्ज मंजूर झालं. जुनं येणं फिटलं, वर 4,800 रुपये हातात आले. व्याज भरायला गेलेला माणूस पैसे घेऊन परत आला, तर त्याला शंका यावी तरी कशी?

दुसऱ्या वर्षी व्याज 28,800 आणि येणं 2,68,800. भाव 9,000, किंमत 3,60,000. पुन्हा नवं कर्ज, आता 2,70,000 चं, हातात 1,200. तिसऱ्या वर्षीचं व्याज 32,400 आणि येणं 3,02,400.

व्याजाचा दर तीनही वर्षं 12 टक्केच होता, तरी व्याजाची रक्कम 25,200 वरून 32,400 वर गेली. कुटुंबाच्या हातात एकूण पडले 2,16,000 आणि देणं झालं 3,02,400. मधले 86,400 रुपये निव्वळ व्याज आहे, पण नव्या पावतीवर त्याचा मागमूस नाही. तिच्यावर मुद्दल म्हणून 2,70,000 लिहिलेले आहेत आणि थकबाकी शून्य.

भाव थांबला की

भाव वाढत होता तोवर त्याने हे सगळं झाकलं. तिसऱ्या वर्षी तो 9,000 वरच थांबला, तर येणं किमतीच्या 84 टक्के होतं. 75 टक्क्यांच्या मर्यादेत पुन्हा नवं-जुनं करायचं तर 32,400 रुपये रोख आणावे लागतात. आणि भाव 15 टक्क्यांनी उतरून 7,650 झाला, तर दागिन्यांची किंमत राहते 3,06,000. देणं 3,02,400. लिलावाची राखीव किंमत चालू मूल्याच्या 90 टक्क्यांपर्यंत खाली असू शकते, म्हणजे इथे 2,75,400. तेवढ्यालाच विक्री झाली तर दागिने गेले आणि वर 27,000 रुपयांचं देणं शिल्लक.

सुरुवातीला भाव 7,000 होता, लिलावाच्या दिवशी 7,650. याच कुटुंबाने दरवर्षी 25,200 व्याज रोख भरलं असतं, तर तिसऱ्या वर्षाच्या व्याजासकट येणं 2,35,200 असतं, म्हणजे पडलेल्या भावातही किमतीच्या 77 टक्के. दागिने वाचवायला वाव राहिला असता.

दरही नेहमी स्थिर नसतो. अनेक वित्तीय कंपन्यांच्या योजनांत जाहिरातीतला कमी दर व्याज वेळेवर भरणाऱ्यालाच मिळतो; न भरल्यास वरचा दर लागतो. एकरकमी फेड करणाऱ्याने तोच दर विचारावा.

नव्या नियमाने काय बदललं

रिझर्व्ह बँकेने 30 सप्टेंबर 2024 च्या परिपत्रकात सोनेतारणातल्या गैरप्रकारांवर बोट ठेवलं होतं. जून 2025 मध्ये नवे निर्देश आले आणि 1 एप्रिल 2026 पासून ते बंधनकारक झाले. घरगुती गरजेच्या एकरकमी फेडीच्या कर्जाला आता 12 महिन्यांची कमाल मुदत आहे. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला मर्यादा दागिन्यांच्या किमतीच्या 85 टक्के, पाच लाखांपर्यंत 80 आणि त्यापुढे 75. टक्के वाढलेले दिसतात, पण एकरकमी फेडीत ते मुदतीअखेर होणाऱ्या व्याजासकट मोजायचे आहेत. आपल्या उदाहरणात पहिल्या दिवशी मुद्दल जास्तीत जास्त 2,12,500 मिळेल. आणि मुख्य म्हणजे, साठलेलं व्याज भरल्याशिवाय नूतनीकरण करता येत नाही.

नियम चांगला आहे, पण त्याला वळसा घालता येतो. व्याजापुरते पैसे खासगी सावकाराकडून दोन दिवसांसाठी उचलायचे, कर्ज नवं करताना वाढलेल्या भावावर मुद्दल वाढवून घ्यायचं आणि त्यातून सावकाराचे फेडायचे. कागद स्वच्छ राहतो, हिशेब वरचाच होतो, त्यात सावकाराचं कमिशन वाढतं. शिवाय हे निर्देश बँका, सहकारी बँका आणि वित्तीय कंपन्यांना लागू आहेत. गावची पतसंस्था किंवा परवानाधारक सावकार रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत.

ओळखायचं कसं आणि सुटायचं कसं

पहिली गहाणपावती शोधा. आजवर प्रत्यक्ष हातात किती रक्कम आली त्याची बेरीज करा, मुद्दलापोटी रोख भरलेलं वजा करा आणि आजच्या येण्याशी ताडून पाहा. जो फरक निघेल ते जिरवलेलं व्याज. मग आजचं येणं दागिन्यांच्या आजच्या किमतीच्या किती टक्के आहे ते काढा. भाव 15 टक्क्यांनी उतरला तर काय होईल, हेही मांडा. किंमत धरताना फक्त सोन्याचं वजन आणि शुद्धता धरा. खडे आणि घडणावळ कर्ज देणारा मोजत नाही.

एकरकमी कर्जातही मधे व्याज भरता येतं का, हे शाखेत विचारून घ्या आणि हंगामाचा पैसा आला की आधी तेच भरा. दागिने एकाच पावतीवर न ठेवता दोन पावत्यांवर ठेवले तर अडचणीत एक पावती सोडवून ते दागिने सराफाला विकता येतात आणि उरलेल्या पैशातून दुसरी हलकी करता येते. आपल्या कुटुंबाने भाव 9,000 असताना निम्मे दागिने 1,51,200 भरून सोडवले असते, तर ते 1,80,000 ला गेले असते. आपण होऊन विकणं मनाला लागतं, पण लिलावापेक्षा ते कधीही बरं.

नोटीस आलीच तर

लिलावाआधी कर्जदाराला पुरेशी नोटीस द्यावी लागते आणि एका स्थानिक भाषेतल्या व एका राष्ट्रीय वर्तमानपत्रात जाहिरातही. पत्ता किंवा मोबाइल बदलला असेल तर शाखेत आजच नोंदवा. बऱ्याच नोटिसा जुन्या पत्त्यावरच पडून राहतात. लिलाव झालाच तर दागिने कितीला गेले आणि देणं किती होतं, याचा लेखी हिशेब मागा. देणं वजा जाऊन उरलेली रक्कम, लिलावाचे पूर्ण पैसे जमा झाल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कर्जदाराला परत करावी लागते.