डब्यासाठी केवढी चकती कापायची?

स्टीलचा एखादा गोल, सपाट बुडाचा डबा हातात घेऊन पाहा. भिंतीला कुठे जोड नाही, बुडाला डाग दिलेला नाही. सपाट पत्र्याची एक गोल चकती डायवर ठेवून पंचने आत ओढली की असा डबा होतो. या चकतीला कारखान्यात ब्लँक म्हणतात. तिचा व्यास किती ठेवायचा, हा प्रश्न प्रेस सुरू होण्याआधीच सोडवावा लागतो.

समजा, डब्याचा व्यास ८० मिलिमीटर आणि उंची ६० मिलिमीटर आहे. मनात पहिला हिशेब येतो तो असा: भिंती बाहेर उलगडल्या तर ८० अधिक दोन्हीकडचे ६०, म्हणजे २०० मिलिमीटर. हे उत्तर चुकीचं आहे. पत्रा ओढला जाताना चकतीच्या कडेचा मोठा घेर आवळून लहान होतो आणि आवळलेला माल उंचीत जातो. म्हणून बुडाबाहेर ६० मिलिमीटर रुंदीचा पट्टा लागतच नाही.

पत्र्याची जाडी साधारण तेवढीच राहते असं धरलं, तर चकतीचं क्षेत्रफळ आणि बूड व भिंत मिळून होणारं क्षेत्रफळ सारखं असायला हवं. चकतीचा व्यास D, डब्याचा d आणि उंची h मानली, तर दोन्ही बाजूंचा π निघून जातो आणि उरतं:

D = √(d² + 4dh)

आपल्या डब्यासाठी ८० चा वर्ग ६,४०० आणि ४ × ८० × ६० म्हणजे १९,२००. बेरीज २५,६००, तिचं वर्गमूळ १६०. बुडाबाहेरचा ४० मिलिमीटरचा पट्टाच ६० मिलिमीटर उंच भिंत होतो! २०० ची चकती कापली असती, तर दीडपटीहून जास्त पत्रा गेला असता.

पण १६० वर थांबता येत नाही. रोलिंगमुळे पत्र्याचे गुण सगळ्या दिशांना सारखे नसतात, त्यामुळे डब्याच्या काठाला लाटांसारखे उंचवटे येतात. त्यांना ‘कान’ म्हणतात. ते छाटायला ६ मिलिमीटर उंची जास्त धरली, तर चकती सुमारे १६६ मिलिमीटरची होते. आता तिचा व्यास डब्याच्या दुपटीहून थोडा जास्त झाला, आणि एका ओढीत दुप्पट ही बहुतेक पत्र्यांची मर्यादा मानतात. त्यापुढे गेलं की बुडाच्या गोलाईजवळ पत्रा फाटतो. म्हणून आधी १०० मिलिमीटर व्यासाचं सुमारे ४४ मिलिमीटर उंच भांडं ओढायचं आणि दुसऱ्या ओढीत ते ८० वर आणायचं. कडेला सुरकुत्या पडल्या तर ब्लँक होल्डरचा दाब कमी पडतोय असं समजावं.

बुडाची गोलाई मोठी असेल तर पत्रा थोडा कमी लागतो. भिंत मुद्दाम पातळ केली असेल तर क्षेत्रफळाऐवजी घनफळ धरावं लागतं. म्हणून आधी हाताने कापलेल्या चकत्या ओढून पाहाव्यात आणि व्यास पक्का झाल्यावरच ब्लँक कापायची डाय बनवायला घ्यावी.