पहिल्या आठवड्याअखेरची ओळख

भोसरी-चाकणच्या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, म्हणून तिथला आठवडा बुधवारी संपतो. क्वालिटी विभागाची बैठक आटोपत आली की साहेब म्हणतात, "नवी इंटर्न आलीय, तिची ओळख होऊ द्या." उभं राहून बोलायला जेमतेम मिनिटभर मिळतं.

पहिल्या दिवशी नाव, गाव आणि कॉलेज यापलीकडे सांगण्यासारखं काही नसतं. आठवडा सरेपर्यंत मात्र हातात काम आलेलं असतं आणि समोरच्यांनाही त्याबद्दलच ऐकायचं असतं. ही किती दिवस आहे, काय करणार आहे आणि आपल्याकडे काय मागायला येणार आहे? नाव सांगून झाल्यावर ती असं बोलू शकते:

"मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, मूळची बार्शीची. जूनअखेरपर्यंत इथे आहे. या आठवड्यात येणाऱ्या मालाच्या तपासणीला होते. मायक्रोमीटर जमायला लागलाय, बोअर गेज अजून जमत नाही. गेल्या तीन महिन्यांत रिजेक्ट झालेल्या पार्टच्या नोंदी कारणांनुसार लावायचं काम माझ्याकडे आहे. काही नोंदी शिफ्टच्या वह्यांत आहेत, असं कळलं. शिफ्ट बदलताना मी लाइनवर येऊन वही बघेन. दहा मिनिटं लागतील, वही जागेवरून हलवणार नाही."

यातलं बोअर गेजचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. गेज भोकात घालून हलकेच डोलवायचा असतो. काटा जिथून उलट फिरायला लागतो, ते सर्वांत कमी माप म्हणजे खरा व्यास. पुस्तकात वाचून हा हात बसत नाही. अडचण नेमकी सांगितली, तर एखादे जुने इन्स्पेक्टर काका दुसऱ्या दिवशी स्वतःहून बोलावून दाखवतात. "मला खूप शिकायचंय" एवढंच म्हटलं, तर कोणी काय शिकवावं हेच कळत नाही. वहीबद्दलचं शेवटचं वाक्यही तितकंच गरजेचं आहे. उत्पादन चालू असताना वही गायब झाली, तर लाइनवरच्या माणसाची पंचाईत होते.

घात होतो तो उत्साहाच्या भरात. चार दिवस नोंदी चाळल्यावर एका मशीनवर रिजेक्शन जास्त दिसतं आणि ते सगळ्यांसमोर बोलून टाकावंसं वाटतं. पण कदाचित त्या मशीनवर मालच जास्त निघत असेल. एकूण किती पार्ट झाले हे पाहिल्याशिवाय नुसत्या रिजेक्टच्या आकड्याला अर्थ नाही. शिवाय तिथला ऑपरेटर त्याच खोलीत बसलेला असतो. असं निरीक्षण आधी मार्गदर्शक साहेबांना एकट्यात दाखवावं.

बैठक उठल्यावर कोणी "तुझं काम काय म्हणालीस?" असं विचारलं, तर ओळख फसली समजावं. "रात्रपाळीची वही वेगळी असते, ती माझ्याकडून घे," असं कोणी म्हणालं, तर पुढच्या आठवड्याचं काम तिथूनच सुरू होतं.